ऋणात राहणं परवडत नाही

कुठल्याही मराठी कार्यक्रमात एक क्षण ठरलेला असतो. निवेदक म्हणतो, 'आता आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करतो...' आणि सभागृहातले लोक खुर्चीखाली चपला शोधायला लागतात. पुढची पाच मिनिटं माइकवर कोण काय बोललं हे कुणालाच आठवत नाही. बोलणाऱ्यालाही नाही. या प्रकाराचं लिखित भावंड म्हणजे प्रायोजकाला पाठवलेलं आभारपत्र. ते लेटरहेडवर टाइप होतं, खाली दोन सह्या होतात, आणि समोरच्याच्या ऑफिसात ते फाईलला लागतं.

कविता-कादंबरीबद्दल आपण इतकं लिहितो, पण या पत्राकडे मजकूर म्हणून कुणी पाहत नाही. मला ते पाहावं लागलं, कारण असं एक पत्र मीच लिहिलं होतं आणि ते वाईट होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय दरवर्षी जानेवारीत महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेतं. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारखं तिचं नाव नाही. हॉल वाचनालयाचाच आहे आणि लाइट भाड्याने आणावे लागतात. तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका पतसंस्थेने स्पर्धेला १५ हजार रुपये दिले. स्पर्धा संपल्यावर दोन महिन्यांनी, स्मरणिका छापून आली तेव्हा, तिच्यासोबत मी आभारपत्र पाठवलं. त्याची प्रत वाचनालयाच्या कपाटात अजून आहे. त्यात हे आहे: 'आपल्या उदार आर्थिक सहकार्यामुळे स्पर्धा न भूतो न भविष्यति अशी यशस्वी झाली. नाट्यचळवळीला आपण दिलेले बळ शब्दांत मांडणे अशक्य आहे. आपले आभार मानून आम्ही आपल्याला परके करू इच्छित नाही. आम्हाला आपल्या ऋणातच राहायला आवडेल.'

पुढच्या वर्षी पतसंस्थेने पैसे दिले नाहीत. मी मॅनेजर साहेबांना भेटायला गेलो, तर ते म्हणाले, 'पत्र आलं होतं तुमचं. फाईलला आहे. पण संचालकांनी विचारलं, त्या पंधरा हजारांचं काय झालं? मी पत्र उघडलं, तर त्यात वाचून दाखवण्यासारखं काही नव्हतं.' मग जरा हसून म्हणाले, 'आणि पतसंस्थेला कुणी ऋणात राहायला आवडेल म्हणून लिहीत नाही हो. आमची वसुलीची माणसं घाबरतात.'

मी हसलो, पण घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं. त्या सहा-सात वाक्यांत आमच्या स्पर्धेबद्दल एकही गोष्ट नव्हती. पतसंस्थेच्या जागी दूध संघ घातला आणि एकांकिकेच्या जागी कुस्त्यांचं मैदान, तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. फक्त 'नाट्यचळवळ' काढून 'कुस्तीपरंपरा' टाकायची. 'शब्दांत मांडणे अशक्य' हे तर सरळसरळ काम टाळणं होतं. शब्दांत मांडणं एवढंच त्या पत्राचं काम होतं.

'आभार मानून परके करू इच्छित नाही' हे वाक्य तसं आपलं लाडकं आहे. लग्नघरात मामाला किंवा शेजारच्या काकूंना म्हटलं तर शोभतंही, कारण तिथे हिशेब न ठेवणं हीच जवळीक असते. पण प्रायोजक परकाच असतो, आणि परका असूनही तो पैसे देतो हीच त्याच्या बाजूची मोठी गोष्ट असते. ते पैसेही त्याचे स्वतःचे नसतात. पतसंस्थेत ते सभासदांचे असतात. संचालक मंडळाला महिन्याच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत एखादा सभासद उठून विचारतोच, 'नाटकाला पैसे कशाला?' तेव्हा मॅनेजरच्या हातात काय असतं? आपलं पत्र. म्हणजे या पत्राचा खरा वाचक ज्याच्या नावाने ते लिहिलं तो नसतोच. त्याला जाब विचारणारा, आपल्याला कधीही न भेटलेला तो सभासद असतो. हे कळल्यावर विशेषणं आपोआप गळायला लागतात, कारण त्या माणसावर विशेषणांचा परिणाम होत नाही.

मराठीत कृतज्ञतेचं नेमकं लेखन नाहीच, असं मात्र नाही. जोतीराव फुल्यांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका पाहा. ती अमेरिकेतल्या सज्जनांना वाहिलेली आहे. तिथल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी निःस्वार्थीपणे झीज सोसली, म्हणून. अर्पणपत्रिकेत तीन गोष्टी आहेत: कुणाला, कोणत्या कृतीसाठी, आणि त्या कृतीवरून आपल्या देशबांधवांनी पुढे काय करावं. ऋणात राहायची इच्छा तिथे नाही. ते उदाहरण घेऊन इथल्या शूद्र बांधवांच्या सुटकेच्या कामाला लागा, अशी अपेक्षा आहे. ग्रंथाची अर्पणपत्रिका आणि पतसंस्थेला लिहिलेलं पत्र यांची बरोबरी करायचा माझा हेतू नाही. पण मजकुराची हाडं तीच आहेत.

उलट बाजूचं प्रसिद्ध उदाहरण इंग्रजीतलं. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या शब्दकोशाची योजना १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून छापली होती. त्यानंतर आश्रयदाता म्हणून या लॉर्डसाहेबांनी जवळजवळ काहीच केलं नाही. कोश पुरा होत आला तेव्हा त्यांनी एका नियतकालिकात त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. त्यावर फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सनने त्यांना पत्र लिहिलं. त्यात थयथयाट नाही. किती वर्षं गेली, त्या काळात काय मिळालं नाही, आणि जे मिळालंच नाही त्याचे आभार का मानणार नाही, एवढंच आहे. ते आभार न मानण्याचं पत्र आहे, आणि ते टिकलं ते हिशेबामुळे. कुणी काय केलं हे नेमकं सांगता येत असेल, तर आभार मानता येतात आणि नाकारताही येतात. माझ्या पहिल्या पत्राने यातलं काहीच साधलं नव्हतं.

नकाराच्या वर्षी नऊ संघ आले, सगळे गावातले किंवा जवळपासचे. त्यानंतरच्या वर्षी आम्ही पुन्हा पतसंस्थेकडे गेलो, पण मागणी बदलून. 'स्पर्धेला मदत करा' असं न म्हणता आम्ही दोन कामांसाठी पैसे मागितले. तीस किलोमीटरपेक्षा लांबून येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च, आणि रात्री प्रयोग संपल्यावर आसपासच्या गावांतल्या विद्यार्थ्यांना घरी सोडायला जीप. आमच्याकडून शेवटची एसटी पावणेआठला सुटते. त्यामुळे मुली असलेले संघ दुपारची वेळ मागतात, नाहीतर सरळ पुरुषपात्रांचीच संहिता निवडतात. मॅनेजर साहेबांनी हे बैठकीत मांडलं आणि ४० हजार मंजूर झाले. बदल्यात आम्ही दोन गोष्टी कबूल केल्या: दारावर बॅनर, आणि उद्घाटन व बक्षीस समारंभात पतसंस्थेच्या नावाचा उल्लेख.

इथेच चांगल्या आभारपत्राचं अर्धं काम झालं होतं, हे मला नंतर समजलं. पैसे कशासाठी घेतले हे आधी ठरलेलं नसेल, तर त्यांनी काय घडलं हे नंतर सांगता येत नाही. पहिल्या वर्षीचे १५ हजार मांडव, चहा, ट्रॉफ्या आणि परीक्षकांचं मानधन अशा सगळ्यात विरघळले होते. त्यांचा मागोवा घ्यायचा म्हटला तरी घेता आला नसता. म्हणून मग 'चळवळीला बळ' आलं.

स्पर्धा झाली. तेरा संघ आले, त्यांतले पाच लांबचे. मी पत्राचा पहिला खर्डा लिहिला आणि त्यात ऐटीत टाकलं: 'आपल्या सहकार्यामुळे संघांची संख्या नऊवरून तेरावर गेली.' वाचायला छान वाटत होतं. पण ते खरं होतं का? आदल्या वर्षी आमच्या तारखा विद्यापीठाच्या परीक्षेवर आल्या होत्या आणि या वर्षी आल्या नाहीत. चार संघ वाढले त्यात जीपचा वाटा किती आणि वेळापत्रकाचा किती, हे कसं सांगणार? आकडा खरा होता, 'मुळे' हा शब्द खोटा होता. परिणाम सांगणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा खोट आकड्यात सापडत नाही, ती या एका शब्दात असते.

मग आम्ही पाचही संघांच्या प्रमुखांना फोन केले. 'प्रवासखर्च मिळाला नसता तर आला असता का?' असं विचारायचं आधी ठरवलं होतं. पण ज्याने पैसे दिले त्याला असं विचारल्यावर समोरचा 'नाही हो, कसले येतोय' असंच म्हणणार. म्हणून प्रश्न बदलला: 'गेल्या वर्षी तुमचं कॉलेज तालुक्याबाहेर कुठल्या स्पर्धेला गेलं होतं?' दोन संघांनी नावं सांगितली. तीन संघ कुठेच गेले नव्हते, आणि तिघांनीही कारण गाडीभाडं सांगितलं. मग पत्रात चारच्या जागी तीन आले. आकडा लहान झाला, पण आता त्या आकड्याला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर होतं.

खर्ड्यातलं दुसरं वाक्य होतं, 'महिला सक्षमीकरणाला हातभार लागला.' हा शब्दप्रयोग आपोआप बोटांत येतो, सरकारी जाहिरातींनी ती सवय लावली आहे. मी तो खोडला आणि कार्यक्रमपत्रिका काढून बसलो. आदल्या वर्षी नऊ एकांकिकांपैकी पाचांत एकही मुलगी रंगमंचावर नव्हती. या वर्षी तेरापैकी तीनांत. यातही जीपचा वाटा किती हे सांगता येत नव्हतं, म्हणून हे आकडे 'मुळे' न लावता नुसतेच ठेवायचे ठरवले.

एका मुलीचं वाक्य मात्र घ्यायचं होतं. ती पलीकडच्या खेड्यातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाची. जीपमधून उतरताना आमच्या कार्यकर्तीला म्हणाली होती, 'पहिल्यांदाच साडेदहाला घरी आले आणि कुणी ओरडलं नाही.' तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, वाक्य घ्या, नाव नको, कॉलेजही नको. फोटो तर आम्ही मागितलाच नाही. आभारपत्रात लाभार्थ्यांचे जे फोटो असतात, हात जोडलेले, रांगेत उभे, त्यांचा मला राग येतो. देणाऱ्याचे आभार मानायचे आम्ही, आणि त्यासाठी चेहरा वापरायचा तिचा. ती नाटक करायला आली होती, कृतज्ञ दिसायला नव्हे.

पाठवलेलं पत्र असं होतं:

'दि. १९ जानेवारी

मा. व्यवस्थापक साहेब,
स. न.

१० व ११ जानेवारी रोजी झालेल्या एकांकिका स्पर्धेसाठी आपल्या संस्थेने ४०,००० रुपये दिले. त्याबद्दल आभार. ही रक्कम लांबच्या संघांचा प्रवास आणि रात्रीची जीप या दोन कामांसाठी होती. तिचा विनियोग असा झाला.

पाच संघांच्या प्रवासाला २१,००० रुपये लागले. या पाचपैकी तीन महाविद्यालयांचे संघ गेल्या वर्षी तालुक्याबाहेरच्या एकाही स्पर्धेला जाऊ शकले नव्हते. सर्वांत लांबच्या संघाच्या मुक्कामाला ३,४०० रुपये लागले. हा खर्च मूळ मागणीत नव्हता, आपल्याला फोन करून तो केला. दोन्ही रात्री दोन-दोन जीप होत्या, त्यांचे १०,००० रुपये झाले. जीपने ४१ विद्यार्थी घरी पोहोचले, त्यांत २६ मुली होत्या. त्यांच्यापैकी एकीने सांगितले, "पहिल्यांदाच साडेदहाला घरी आले आणि कुणी ओरडलं नाही."

गेल्या वर्षी नऊ संघ होते, या वर्षी तेरा. या वर्षी परीक्षा आड आल्या नाहीत हेही त्याचे कारण आहे. गेल्या वर्षी पाच एकांकिकांत एकही अभिनेत्री नव्हती, या वर्षी तशा तीन होत्या.

दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या नाहीत. बक्षीस समारंभ लांबल्यामुळे आपल्या संस्थेचा उल्लेख राहून गेला, ही आमची चूक आहे. तसेच पहिल्या रात्री एक जीप ५० मिनिटे उशिरा आली आणि नऊ मुली वाचनालयाच्या पायरीवर थांबल्या. आमच्या दोन कार्यकर्त्या त्यांच्यासोबत होत्या.

५,६०० रुपये शिल्लक आहेत. ते परत करावेत की पुढील वर्षीच्या जीपसाठी ठेवावेत, हे कळवावे. खर्चाच्या पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
...'

सहीसाठी हे पत्र कार्यवाह काकांकडे नेलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. 'अरे, हे आभारपत्र आहे की माफीनामा? आपणच आपल्या चुका लिहून द्यायच्या?' त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. चुका कितीतरी झाल्या होत्या. ध्वनिव्यवस्था दोनदा बंद पडली, एका परीक्षकांना जेवण उशिरा मिळालं. ते सगळं पत्रात नाही, कारण त्याचा पतसंस्थेच्या पैशांशी संबंध नव्हता. जे दिलेल्या शब्दाशी किंवा दिलेल्या रुपयांशी जोडलेलं आहे तेवढंच आत यायला हवं. नाव घ्यायचं कबूल केलं होतं, घेतलं नाही. जीपचे पैसे दिले होते, जीप उशिरा आली. गाव लहान आहे. त्या नऊ मुलींपैकी एकीचा काका पतसंस्थेचा सभासद निघाला असता तर त्यांना हे आमच्याआधी कळलं असतं. काकांनी थोडा विचार केला आणि एकच बदल सुचवला. कार्यकर्त्या सोबत होत्या, हे वाक्य त्यांचं आहे. ते नसतं तर पायरीवरच्या मुलींचं चित्र अर्धवट आणि आमच्यावर अन्याय करणारं झालं असतं. चांगला संपादक असाच असतो.

काकांना अजून एक खटकलं होतं: पत्रात 'आभार' हा शब्द एकदाच आहे, आणि तोही दुसऱ्याच वाक्यात. मी म्हटलं, तो शब्द वाढवून ते वाढत नाहीत. इथे माझा थोडा ताठा होता, हे कबूल करतो. आज लिहिताना शेवटी एखादी ओळ मी मोकळी सोडली असती. पत्र कोरडं आहे. फुगवलेलं नसलेलं पत्र कोरडंच असावं लागतं असं नाही. मुलीचं वाक्य काढलं तर तो नुसता खर्चाचा तक्ता उरतो. एका वाक्यावर एवढा भार टाकणं ही या पत्राची उणीव आहे.

तारखेबद्दलही एक सांगायला हवं. स्पर्धा ११ तारखेला संपली आणि पत्र १९ ला गेलं, कारण संचालकांची बैठक त्याच महिन्याच्या अखेरीस होती. स्मरणिकेची वाट पाहिली असती तर पत्र मार्चमध्ये गेलं असतं, वर्षअखेरीच्या गडबडीत, आणि पुन्हा फाईललाच लागलं असतं. पावती मात्र या पत्रात मिसळली नाही. ती पैसे मिळाले त्याच दिवशी वेगळी दिली होती. पावतीवर एक शब्द आणि पत्रात दुसरा, एकीकडे 'देणगी' आणि दुसरीकडे 'प्रायोजकत्व', असं झालं तर त्यांच्या हिशेबनीसाला लेखापरीक्षणात उत्तरं द्यावी लागतात. नुसती दिलेली रक्कम आणि नावाच्या प्रसिद्धीच्या बदल्यात दिलेली रक्कम हिशेबात एकाच जागी बसत नाहीत. म्हणून आमच्या पत्रात दोन्ही शब्द नाहीत, 'रक्कम' आहे.

बैठकीत पत्र वाचलं गेलं. तिथे काय झालं ते मॅनेजर साहेबांनी नंतर फोनवर सांगितलं. तेरा संघ, तीन महाविद्यालयं यांवर कुणी फारसं बोललं नाही. चर्चा झाली ती ५० मिनिटांवर. एका संचालकांनी विचारलं की जीप कुणाची होती, आणि भाड्याने घेताना वेळ लिहून का घेतली नव्हती. दुसऱ्या एकांनी सांगितलं की पुढच्या वर्षी एक गाडी त्यांची स्वतःची, ड्रायव्हरसकट, संध्याकाळी सातपासून वाचनालयाच्या दारात उभी राहील. ५,६०० रुपये ठेवून घ्यायला सांगितलं. गाडी मिळणार म्हणून पुढच्या वर्षीची रक्कम मात्र ३० हजारांवर आणली. काकांना ते अजून पटलेलं नाही.